चार तारखेचा रिपोर्ट

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मायलेकी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या आणि लेक आईला हँडओव्हर नोट वाचून दाखवत होती. लेक नळ आणि शॉवर विकणाऱ्या कंपनीत होती. तिथला महिन्याचा विक्री रिपोर्ट आपोआप निघून सगळ्यांच्या मेलवर जायचा. आता तिने राजीनामा दिला होता, दुसरीकडे रुजू व्हायला थोडे दिवस उरले होते, आणि रिपोर्ट ज्या बाईंच्या हाती जाणार होता त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवणं चाललं होतं.

तिने वाचलं: रिपोर्ट दर चार तारखेला सकाळी चालवला जातो. मागच्या महिन्याची बिलं घेतली जातात, त्यातून परत आलेला माल वजा केला जातो. नव्या मालाचा कोड गटांच्या यादीत नसेल तर त्याची विक्री 'इतर'मध्ये दाखवली जाते.

"जातो, जातात, जाते," आई म्हणाली. "करतं कोण?"

"अगं, आपोआप होतं."

आईने उभी हयात वॉर्डात सिस्टर म्हणून काढली होती. तिला हा शब्दच खपत नसे. सलाईनही आपोआपच चालायचं, ती म्हणाली, पण बाटली संपत आली हे बघायला माणूस लागायचा. 'औषध दिले गेले' असं लिहिणाऱ्या पोरींना ती उभं करून विचारायची, कोणी दिलं, भुताने? आणि ड्यूटी बदलताना तिचा एक नेम होता. टेबलावरचे कागद पुढे सरकवून घरी जायचं नाही. येणाऱ्या सिस्टरला खाटेपाशी न्यायचं आणि घात कुठे होऊ शकतो ते सगळ्यात आधी सांगायचं.

"घात होण्यासारखं काय आहे यात?"

लेकीने शेवटचं पान काढून सांगितलं. महिनाअखेरीला सेल्समन आकडा गाठायला दुकानदारांच्या गळ्यात माल मारतात. पहिली उजाडली की तोच माल परत यायला लागतो. गोदामवाले तीन तारखेपर्यंत त्याच्या नोंदी मागच्याच महिन्यात चढवतात. म्हणून रिपोर्ट चार तारखेला. पहिलीला चालवला तर विक्री पूर्ण दिसते, परतीचा माल दिसतच नाही, आणि आकडा फुगतो.

"मग हे शेवटच्या पानावर काय करतंय? वर घे." आईने एक दाणा तोंडात टाकला. "आणि बनवला कोणी हा रिपोर्ट?"

"मी."

"लिहिलंयस कुठे?"

"तसं लिहीत नाहीत, आई. ऑफिसात त्याला साहेबांचा रिपोर्टच म्हणतात."

"त्यांना म्हणू दे. तुझ्या तोंडाला काय झालंय?"

लेक वैतागली. बघू, सांगीन कधीतरी, म्हणाली आणि सालं गोळा करून उठली. पण चार तारीखच का, हे सांगणारी ओळ तिने वर घेतली, आणि जरा बिचकत, खाली आपलं नावही घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या काकूंचा फोन आला. ती पोचली तेव्हा आई खुर्चीतच होती, मान एका बाजूला, चष्मा मांडीवर. मटार फ्रीजमध्ये झाकून ठेवलेले होते. ते तिने पुढे कितीतरी दिवस तसेच राहू दिले.

ती ऑफिसात परतली ती एक तारखेला. लोक हळू आवाजात बोलत होते, कोणीतरी तिच्या टेबलावर पाण्याची भरलेली बाटली ठेवली होती. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून बसवलं. फार वाईट झालं, म्हणाले. मग म्हणाले, नोटेची काळजी करू नकोस, मी जरा साफसूफ केलीय.

तिने ती तिथेच वाचली. चार तारखेची ओळ नव्हती. रिपोर्ट आता एक तारखेला चालणार होता, कारण दोन तारखेला वरिष्ठांची बैठक असते आणि साहेबांना आकडा हातात हवा असतो. खाली लिहिलं होतं: तयार करणार, विक्री विभाग.

"सर, आकडा चुकेल."

"चुकेल कसा? विक्री झालीच ना?"

"झाली. आणि परतही आली."

साहेब हसले. परतीचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले. मग आवाज मऊ केला. "हे बघ, तुझी मनःस्थिती ठीक नाही. साहजिक आहे. सही कर आणि घरी जा. रिपोर्ट वहिनींना मी समजावून देतो."

 रडायला तिला कोणाची ना नव्हती, हरकत होती ती फक्त विचार करण्याला. आई गेली म्हणून मी वजाबाकी विसरले, असं समजतात की काय हे?

"माझी मनःस्थिती ठीक नाहीच," ती म्हणाली. "वजाबाकी ठीक आहे. या कागदावर मी सही करणार नाही."

बाहेर पडताना केबिनचं दार तिने उघडंच ठेवलं.

वहिनी म्हणजे हिशेब विभागातल्या बाई. त्यांचे यजमान पूर्वी गोदामात होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. रिपोर्ट आता त्यांच्याकडे येणार होता. तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि मागचा महिना निवडून हाताने चालवायला सांगितलं. मेल फक्त तुम्हालाच जाईल असं करा, चाचणीसाठी तशी सोय आहे, म्हणाली. वहिनींनी केलं. आकडा आला.

"अगंबाई, झकास की. पेढे मागायला हवेत साहेबांकडून."

"आता इकडे या."

तिने त्यांना खिडकीपाशी नेलं. खाली गोदामाच्या अंगणात परतीच्या मालाचा ट्रक उभा होता. हमाल शॉवरची खोकी उतरवत होते. काहींच्या पट्ट्यासुद्धा कापलेल्या नव्हत्या.

"ती खोकी दिसतात? तुमच्या आकड्यात ती विकलेली आहेत."

वहिनींनी वाकून खोकी मोजली. मग म्हणाल्या, "आणि वर्षाअखेरीला हिशेबाशी ताळा बसला नाही की धरणार कोणाला?"

"रिपोर्ट ज्याच्याकडे आहे त्याला."

"म्हणजे मला. वा, चांगलीच भेट देऊन चाललीयस."

"म्हणून तर खाटेपाशी आणलं," ती बोलून गेली. वहिनींना काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही.

तिने आपली जुनी नोट उघडली. चार तारखेची ओळ होती तिथेच, पहिली. तिने एकेक वाक्य दुरुस्त केलं. 'वजा केला जातो' खोडून लिहिलं, 'गोदामवाले नोंद करतात, मग रिपोर्ट वजा करतो. नोंद झाली का, ते तुम्ही फोन करून विचारा.' कॉम्प्युटरवर रिपोर्ट सुरू होण्याची तारीख चारच ठेवली. मग नोट वहिनींना पाठवली, साहेबांना पाठवली, आणि रिपोर्ट ज्यांना ज्यांना जातो त्या सगळ्या वरिष्ठांनाही पाठवली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. चेहरा लाल झाला होता, आवाज मात्र तोच, मऊ. सगळा हॉल ऐकत होता.

"हे कोणाला विचारून पाठवलंस? माझा रिपोर्ट आहे तो."

 तिने टेबलाची कड धरली. नको त्या वेळी तिला झाकलेले मटार आठवले. आवाज फुटेल तसा फुटू दे, असं ठरवूनच ती बोलली.

"नाही सर. हा रिपोर्ट मी बनवलाय."