दोऱ्याच्या दोन गाठी

"गार होत नाही कसलं, चक्क कोमट येतंय!" सुपरवायझर बाईंनी पाण्याचा पेला माझ्या नाकासमोर धरला. इस्त्री विभागात वीस बायका वाफेत उभ्या होत्या. त्यातली एक सकाळी चक्कर येऊन पडली होती. बाई तापल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

"गेल्या महिन्यात तुम्हीच दुरुस्त करून गेलात ना? पहिले पंधरा दिवस नळातून बर्फाचे कण येत होते. दात वाजायचे. आणि आता हे!"

बर्फाचे कण? पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये बर्फ होताच कामा नये. मी बाबांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसून मशीनच्या मागची जाळी ब्रशने झाडत होते, त्यांच्याच नादात. जाळीवर कापडाच्या धुळीची गादी बसली होती.

मागचं झाकण काढून मी मशीन चालू केलं. तळाशी बसलेला छोटा काळा कॉम्प्रेसर घुमला, दहा सेकंद नुसताच घुमला, मग टक् आवाज झाला आणि सगळं गप्प. लगेच प्लग काढला. कॉम्प्रेसरला हात लावला तर चटकाच बसला. बाजूचा रिले काढून कानाशी हलवला. आत खुळखुळलं. रिले फुटला होता. कॉम्प्रेसर सुरू करायला जो धक्का लागतो तो हा देतो, आणि त्याच्याशिवाय कॉम्प्रेसर नुसता घुमून तापतो, मग संरक्षक स्विच त्याचा करंट तोडतो. मीटर लावून त्याच्या मोटरची गुंडाळी तपासली. कॉम्प्रेसर शाबूत होता. हुश्श!

पण रिले फुटला का? बर्फ का झाला होता? मी वर थर्मोस्टॅटला हात घालणार, तेवढ्यात बाबा माझ्या आधी वाकले.

"अगं, हे बघ! कुठल्या गाढवाने केलंय हे?" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की इस्त्र्या थांबल्या. "थर्मोस्टॅटच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना जोडून ठेवल्यात! पाणी गार झालं की बंद करायचं ते यानेच. हाच नाही तर कॉम्प्रेसर रात्रंदिवस पळणार, तापणार, करंट तुटणार, परत पळणार. तपासायला जोडतात मिनिटभर, आणि हा माणूस तसंच ठेवून घरी गेला! हात बांधून ठेवायला हवेत त्याचे."

मी जोड पाहिला. काळी पट्टी आणि तिच्यावर पांढरा दोरा, दोन गाठींचा. उष्णतेने पट्टी सुटते म्हणून दोरा बांधणारा माणूस या धंद्यात मला एकच माहीत आहे. गेल्या महिन्यात दुरुस्तीच्या दिवशी मी वरच्या मजल्यावर होते. बाबा इथे एकटेच होते.

घरीही हेच चाललं होतं. कधी बाबांचा चष्मा फ्रीजमध्ये, कधी गॅस चालूच; ते सगळं मी वय झालं म्हणून सोडून देत होते. मूर्ख मी!

"शेवटचा हात तुमचाच लागला होता," बाई थंडपणे म्हणाल्या. "दोघांपैकी कोणाचा ते सांगा. तो माणूस पुन्हा या दारात नको. माझ्या बाया आहेत इथे."

बाबांनी चाळीस वर्षं याच कामावर मान ताठ ठेवली. ती वीस बायांसमोर खाली घालायची?

"माझा," मी म्हणाले. "मीच विसरले."

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तू? मी शिकवलेली?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग उद्यापासून एकटे काकाच येतील. कारखान्यातली आठही मशीनं त्यांनीच बघायची."

अरे देवा! हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाबा, एकटे, उघड्या तारांपाशी. खरं सांगितलं तर त्यांची अब्रू जाते आणि गप्प राहिले तर एखाद दिवशी जीवच. मी घाईघाईने पिशवीतून नवा रिले काढून बसवला. थर्मोस्टॅटची खुंटी फिरवली, तो नीट टकटकला. बिचारा पहिल्यापासून धडधाकट होता. आता जोड सोडवायचा होता.

"थांब," बाबा म्हणाले. "आण, मी सोडवतो."

त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि सोडवता सोडवता बोटं थबकली. अंगठा एका गाठीवरून दुसरीवर गेला, परत पहिलीवर आला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

"बाई," ते हळू म्हणाले, "पोरगी खोटं बोलते आहे. ही गाठ माझी आहे."

बाबांनी मान वर केली. कामात अडलं की मी त्यांना विचारायचे ना, तसं त्यांनी मला विचारलं, "कधी बांधली गं मी ही? आपण इथे आधी आलो होतो?"