नेहमीची गाठ

"त्यातला एक शब्दही मला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. कबूल?" डोळ्यांच्या ऑपरेशनला निघताना सासऱ्यांनी विचारलं होतं. मी मान हलवली. मग लक्षात आलं, बाबांना ती दिसली नसणार. म्हणून तोंडानं म्हटलं, "कबूल."

शब्द त्यांच्या पाळण्यांच्या माहितीपत्रकातले. इथली गिऱ्हाइकं ते वीस वर्षं वाचत आली, कुणाला शंका आली नाही. परदेशातल्या दुकानदारबाईंनी मात्र आज सकाळी अकरा प्रश्न पाठवले. पाच वाजता त्यांचा कॅटलॉग छापायला जाणार. तोवर उत्तरं नाही गेली, तर आमचा पाळणा वगळणार.

पाळणा "साडेतीन बाय दोन". फूट, हे आपण धरूनच चालतो. त्यांनी मीटर धरले आणि विचारलं, "हा पाळणा आहे की होडी?" मी १०७ बाय ६१ सेंटिमीटर लिहिलं. किंमत १८,५००/-. त्यांच्याकडे स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह. म्हणजे पाळणा साडेअठराला, आणि शेवटच्या आडव्या रेघेपाशी प्रश्न, "उणे किती?" मी स्वल्पविराम आणि शेपूट दोन्ही काढली, चलनाचं नाव घातलं, शेजारी त्यांच्या चलनातली अंदाजे किंमत. कोणत्या दिवसाच्या दरानं, तेही. महिना अक्षरात, कारण माहितीपत्रकावरची ५/६ ही तारीख म्हणजे मे की जून, हा त्यांचा आठवा प्रश्न होता. "टाकीमागे कुणालाही विचारा" काढून पूर्ण पत्ता दिला.

अकरावा प्रश्न: "चौकटीला दोरी नेहमीच्या गाठीने बांधा, असं लिहिलंय. नेहमीची म्हणजे कुठली?"

"अगं, साधी. दोन वेढे आणि गाठ," हे म्हणाले.

"साधी?" मिस्त्रींनी रंधा थांबवला. "बाळाच्या हिसक्यानं सुटेल ती. वहिनी, फासाची लिहा. ओढली की आवळते."

"पाळण्याच्या कागदावर फास? शोभतं का?"

"मग तुमची बुटाची लिहा, मालक!"

दोघांनी बांधून दाखवल्या. मला दोन्ही बरोबर वाटल्या, मग दोन्ही चूक. माझी दोन्ही मुलं त्याच पाळण्यात झोपली. तेव्हा कुठली गाठ होती? काही केल्या आठवेना.

दवाखान्यात फोन लावला. "नेहमीची गं!" बाबा वैतागले. "आधी खालून घ्यायची, मग... अशी. कळलं?"

"नाही, बाबा."

"काहीतरी लिही नि पाठवून दे," हे म्हणाले. "कोण बघायला येणारे?"

त्या गाठीच्या भरवशावर कुणाचं तरी बाळ झोपणार होतं. त्याचे आईबाप तिथे कुणाला विचारणार?

दोन वाजले होते. मी पाळण्याच्या दोरीचा हातभर तुकडा कापला, चौकटीच्या लाकडाचा एक ठोकळा घेतला, दुरुस्त केलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला. फोटो काढायला फोन घेतला. बाबांच्या डोळ्यांवर पट्टी आहे. हात मोकळे आहेत. कागद वाचून दाखवेन, शब्दन् शब्द.

चपला घालून मी निघाले.