खुर्चीचं वजन

"वजन स्थिर आहे," कॉम्प्युटरकडे बघत डॉक्टर म्हणाले. "सत्तर. मागच्या वेळी एकाहत्तर."

आहारतज्ज्ञ बाईंनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी दिसत होती, जणू शर्ट मोठ्या भावाचा आहे. पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, तेही घरीच, खिळ्यानं.

"स्थिर?" त्या म्हणाल्या.

"आकडा समोर आहे ना."

या विभागात आकडा समोर असला की माणूस समोर असण्याची गरज उरत नाही, हे बाईंना माहीत होतं. तरी दर वेळी त्यांचं डोकं नव्यानं तापायचं.

चाकांच्या खुर्चीतल्या या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे; ते शाळेतले नव्हते, गाडी शिकवणारे होते. अर्ध्या गावानं त्यांच्याकडून क्लच सोडायला शिकून घेतलं होतं. मोटर न्यूरॉनच्या आजारानं आधी त्यांचे पाय गेले, मग जीभ जड झाली, आता गिळणंही अवघड होत चाललं होतं. उजव्या हाताचं एक बोट मात्र अजून चालत होतं. त्या बोटानं ते फोनवर टाईप करायचे आणि फोन सपाट आवाजात ते वाचून दाखवायचा.

"जेवण कसं चाललंय, काकू?" बाईंनी मास्तरांच्या बायकोला विचारलं.

"उत्तम! सगळं मऊ करून देते. ताट रिकामं झाल्याशिवाय मी उठतच नाही."

"किती वेळ लागतो?"

उत्तर मागे उभ्या असलेल्या लेकीनं दिलं. "दीड तास. सकाळचं जेवण संपेस्तोवर दुपारच्याची वेळ होते. पाण्यानं ठसका लागतो म्हणून पाणी कमी. आणि ताट रिकामं होतं ते आई उरलेलं स्वतः खाते म्हणून."

"तुला कुणी विचारलं?" काकू उसळल्या.

"कुणी विचारत नाही म्हणूनच सांगतेय!"

बाईंनी नर्सला हाक मारली. तिघांनी मिळून मास्तरांना तपासणीच्या पलंगावर घेतलं. मग बाईंनी रिकामी खुर्ची स्वतः ढकलत वजनाच्या मोठ्या पाटावर नेली. काटा पंचविसावर थांबला.

कॉम्प्युटरमध्ये खुर्चीचं वजन सतरा लिहिलेलं होतं. ते जुन्या खुर्चीचं. चार महिन्यांपूर्वी मास्तरांना पाठ मागे झुकणारी, मानेला आधार देणारी नवी खुर्ची मिळाली, आणि तेव्हापासून प्रत्येक जण माणूस नि खुर्ची मिळून मोजायचा, सतरा वजा करायचा आणि खूश व्हायचा.

"बासष्ट," बाई म्हणाल्या. "निदान झालं तेव्हा एकाहत्तर होते. आठवा हिस्सा गेला, डॉक्टर. विसावा हिस्सा गेला की पोटात नळी बसवायचा विषय काढायचा असतो, दहावा जायच्या आत निर्णय व्हायला हवा. आपण खुर्चीला जेवू घालत होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि श्वास?"

"निरोगी माणसाच्या बावन्न टक्के. तीन महिन्यांपूर्वी सहासष्ट होता. ओठ मिटत नाहीत म्हणून तोंडाला मास्क लावून मोजलाय, तेव्हा हवा निसटली असं म्हणायची सोय नाही."

"पन्नासच्या खाली गेलं की नळी बसवण्यातला धोका वाढतो," डॉक्टर म्हणाले. "अशक्य होत नाही, पण आडवं झोपवून गुंगी देणं अवघड होतं. पण यांनी तर नळीला नकार दिलाय. इथे लिहिलंय. चार भेटींत लिहिलंय."

"चार भेटींत लिहिलंय की एका भेटीत लिहून तीनदा चिकटवलंय?"

पलंगावरचं बोट हलू लागलं. सगळे थांबले. बोटाला वेळ लागत होता, आणि त्या वेळात काकू दोनदा म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना." फोन अखेर बोलला.

"मी नाही म्हटलं नव्हतं. आत्ता नको म्हटलं होतं. तेव्हा मी चकली खात होतो."

लेक डोळे पुसत हसली. "बाबा!"

"त्याचं कारण कुणी लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा कधी विचारायचं तेही नाही. नुसतं 'नकार', आणि पुढे पूर्णविराम."

डॉक्टर चिडले होते. कुणावर ते ठरत नव्हतं, त्यामुळे बहुधा स्वतःवर. ते स्टूल ओढून पलंगाजवळ बसले, मास्तरांच्या डोळ्यांच्या पातळीवर. "मास्तर, आज पुन्हा विचारतो. पोटात नळी बसवली तर जेवण, पाणी, औषधं तिच्यातून जातील. गिळणं जमतंय तोवर चवीपुरतं तोंडानं खाता येईल. ठसका पूर्ण थांबणार नाही, लाळ उरतेच. आयुष्य किती वाढेल ते मी सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नको असेल तर तेही चालेल, मग त्रास होऊ नये याची सोय करू. पण थांबायचं असेल, तर थांबण्याची किंमत कळून थांबा."

"करूनच टाका," लेक म्हणाली. "सही कुठे करू?"

"तुमची सही लागत नाही," बाई म्हणाल्या. "मास्तरांचं डोकं शाबूत आहे."

"आणि माझं काय?" काकूंचा आवाज फुटला. "नळी म्हणजे संपलं. मी भरवते म्हणून ते आहेत. यंत्राला जोडलं की मी काय, नुसती खुर्ची ढकलायची?"

बोट हललं, थांबलं, पुन्हा हललं.

"दीड तास भरवतेस. दीड तास बोलत नाहीस. घड्याळ बघतेस. मला ती दीड तास बोलणारी बाई हवी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच त्या म्हणाल्या, "मग नंतर म्हणू नका, फार बोलते."

"म्हणणार," फोन म्हणाला.

मास्तरांनी तीन प्रश्न विचारले. दुखेल का? थोडे दिवस. पुढे नको वाटलं तर? नळीतून देणं थांबवता येईल, तो हक्क त्यांचाच. नळीला हो म्हणजे पुढे श्वासासाठी गळ्याला भोक पाडायलाही हो का? "नाही," डॉक्टर म्हणाले. "तो वेगळा प्रश्न, वेगळ्या दिवशी. आधी रात्रीचा श्वासाचा मास्क सुरू करू, सवय होऊ दे. तो लावूनच एक्स-रेखाली नळी बसवू."

"मग हो," फोन म्हणाला. "ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा. वळणात दाबला की घसरते. चाळीस वर्षं हेच ओरडलो."

वॉर्डानं पहिली तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली. बाईंनी फोन उचलला आणि अशा आवाजात बोलल्या, की शेजारच्या खोलीतली नर्स दार लावायला उठली. "तीन आठवड्यांत श्वास पन्नासखाली गेला तर नकार कुणाच्या नावावर लिहू? तुमच्या?" पुढचा गुरुवार मिळाला.

डॉक्टरांनी नोंद लिहून मोठ्यानं वाचली. "रुग्ण नळीस तयार."

बोट वर आलं. मास्तरांना ते मान्य नव्हतं. डॉक्टरांनी पुसलं आणि बोटाच्या वेगानं, कुरकुरत, पुन्हा लिहिलं: रुग्णानं स्वतः ठरवलं. आधीचा नकार नव्हता, 'आत्ता नको' होतं. वजन बासष्ट, खुर्ची वगळून. श्वास बावन्न, मास्क लावून. तोंडानं खाणं चालू ठेवायचं आहे. गळ्याच्या भोकाबद्दल आज काही ठरलेलं नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा विचारावं. मत बदलण्याचा हक्क आहे.

"झालं समाधान?" डॉक्टरांनी विचारलं.

"चकलीचं राहिलं."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि चकलीही लिहिली.

मास्तरांना पुन्हा खुर्चीत बसवल्यावर बाईंनी पांढरी चिकटपट्टी तोडली, तिच्यावर जाड पेनानं 'खुर्ची – २५' लिहिलं आणि हँडलवर दाबून चिकटवली. काकूंनी ती वाचली. मग खुर्ची दाराकडे वळवता वळवता त्या बोलू लागल्या, शेजारणीच्या सुनेबद्दल, आणि वऱ्हांडा संपेपर्यंत थांबल्या नाहीत.