लॅपटॉपमधली फोर्टी-नाइन्टी

मोजल्याशिवाय काहीही खरं मानू नये, हे अभियंत्याचं पहिलं आणि शेवटचं व्रत. सौमित्र देवधर हे वाक्य ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला गंभीर चेहऱ्याने ऐकवायचा आणि नंतर ते व्रत त्या माणसाकडून पाळून घ्यायचा. स्वतः तो मॅनेजर होता.

त्यांची कंपनी कॅमेऱ्यातून माल तपासणारं सॉफ्टवेअर बनवायची. माल कुठलाही असो. या खेपेला फिशबॉल होते, म्हणजे माशाचा लगदा वळून केलेले गोळे. या परदेशी शहरातल्या बेडोक भागात मिसेस टॅन यांचा कारखाना होता, आणि पांढऱ्याशुभ्र फिशबॉलवर माशाच्या कातडीचा काळा ठिपका राहिला की गिऱ्हाईक फोटो काढून नेटवर टाकतं, हे त्यांचं दुखणं होतं. ठिपकेवाला फिशबॉल पकडायला सौमित्रच्या टीमने एक एआय मॉडेल शिकवून तयार केलं. पुण्याच्या शाकाहारी घरातला सौमित्र गेले चार महिने जागेपणी फिशबॉल बघत होता, आणि झोपेतही.

मॉडेल लिहिलं होतं गार्गीने. गार्गी नाशिकची, यिशुनला भाड्याच्या खोलीत राहणारी, अजून प्रोबेशनवर. प्रोबेशन संपून नोकरी पक्की झाली तरच तिचा इथे राहून काम करण्याचा पास पुढे सरकणार होता, आणि ती पक्की होणं या फिशबॉलवर अवलंबून होतं. रविवारी ती पासिर रिसला सौमित्रच्या घरी जेवायला यायची, त्याच्या बायकोला मेधाताई म्हणायची आणि त्याला दादा. ऑफिसातही, आसपास मराठी समजणारं कुणी नसलं की दादाच. सौमित्रला ते आवडायचं. टीम म्हणजे कुटुंब, असं तो म्हणायचा. कुटुंबात जे जे होतं ते सगळं टीममध्येही होऊ शकतं, हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

ऑफिसात टेबलाखाली एक डेस्कटॉप होता, फ्रिजच्या धाकट्या भावाएवढा. त्यात फोर्टी-नाइन्टी नावाचं ग्राफिक्स कार्ड होतं, विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. त्याच्यावर मॉडेल सेकंदाला बासष्ट चित्रं तपासायचं. सौमित्रने प्रस्तावात लिहिलं, साठ. दोन कमी लिहिली याचा त्याला प्रामाणिकपणा म्हणून अभिमान होता. साठ का, हे कुणी विचारलं नाही. साठ हा आकडा भरदार दिसतो.

मग मिसेस टॅन म्हणाल्या, माझ्या कारखान्यात रोज सगळं पाण्याने धुतात, तो डबा तिथे ठेवायला जागा नाही. सौमित्रने तोडगा काढला. लॅपटॉप. यादीतला सगळ्यात पातळ, राखाडी, हातात घेतला की आपण कुणीतरी आहोत असं वाटणारा. झाकणाच्या कोपऱ्यावरच्या स्टिकरवर तेच नाव होतं, फोर्टी-नाइन्टी. प्रस्तावात त्याने डेस्कटॉप खोडून लॅपटॉप केलं आणि साठ तसंच ठेवलं.

गार्गी त्याला म्हणाली होती, दादा, एकदा लॅपटॉपवर चालवून बघू या ना. सौमित्रने मांडीवरचा लॅपटॉप बंदही केला नाही. "अगं, चिप तीच आहे. तुझ्या आईने केलेली आमटी डब्यात भरली म्हणून चव बदलते का?" असं तो म्हणाला, आणि आपल्याच उपमेवर खूश होऊन हसला. गार्गीही हसली. प्रोबेशनवरच्या माणसाला हसावं लागतं.

डेमोच्या दिवशी सगळे केसांवर जाळ्या आणि पायांत पांढरे गमबूट घालून कारखान्यातल्या काचेच्या खोलीत बसले. मिसेस टॅन, कंपनीचा मालक रुचिर, सौमित्र आणि गार्गी. फिशबॉल वाहून नेणारा पट्टा धुण्यासाठी बंद होता, म्हणून आधी काढून ठेवलेलं फिशबॉलचं चित्रीकरण चालवायचं होतं. सौमित्रनेच ते सेकंदाला साठ चित्रं या वेगाने लावून ठेवलं होतं, कारण दाखवायचंच तर दणक्यात दाखवावं.

पहिल्यांदा मॉडेल सुरूच झालं नाही. मेमरी पुरत नाही, असं लाल अक्षरात आलं. गार्गीने एका वेळी कमी चित्रं घेण्याची सोय केली, तेव्हा ते चाललं, पण कसं, ते सांगायलाच नको. फिशबॉल पुढे पळत होते आणि ठिपका दाखवणारं लाल वर्तुळ मागून धावत येऊन भलत्याच निष्पाप फिशबॉलभोवती पडत होतं. वेग दिसत होता सत्तावीस. लॅपटॉपचे पंखे विमान सुटल्यासारखे ओरडायला लागले, आणि आकडा चोवीसवर आला.

मिसेस टॅन मान तिरकी करून बघत होत्या. "हाऊ कम लाइक दॅट?" त्यांनी विचारलं.

रुचिरने सौमित्रकडे पाहिलं. त्या नजरेला उत्तर देण्यात सौमित्रने जेमतेम श्वास घेण्याएवढा वेळ घालवला.

"गार्गीने परवा कोडमध्ये काहीतरी बदल केलाय," तो इंग्रजीत म्हणाला. "मी तिला डेमोच्या आधी हात लावू नकोस असं सांगायला हवं होतं. माझी चूक."

वाक्य शेवटाकडे इतकं मोठ्या मनाचं झालं की ते खोटं आहे हे त्याला स्वतःलाही क्षणभर आठवलं नाही. गार्गीने काही बदललेलं नव्हतं. रुचिर हळूच म्हणाला, प्रोबेशनचं आपण परत एकदा बोलू या. मिसेस टॅन यांनी सगळ्यांसाठी बार्ली वॉटर, म्हणजे दाण्यांसकट बार्लीचं गोड पाणी, मागवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेल्या. रुचिरही मागोमाग गेला.

सौमित्र बूट बदलायच्या खोलीत येऊन बाकावर बसला. ओल्या रबराचा आणि माशाचा वास. त्याने फोन काढला आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचं पान उघडलं, हे त्याने खरं तर लॅपटॉप घेण्याआधी करायला हवं होतं. काही लपवलेलं नव्हतं. दोन वेगळी पानं होती, एक डेस्कटॉपचं, एक लॅपटॉपचं, आणि दुसऱ्यावर जागोजागी लॅपटॉप असं लिहिलं होतं. डेस्कटॉपच्या फोर्टी-नाइन्टीत सोळा हजारांवर कोअर, म्हणजे एकाच वेळी आकडेमोड करणारे छोटे भाग. लॅपटॉपच्या फोर्टी-नाइन्टीत साडेनऊ हजारांच्या थोडे वर. तिथे मेमरी चोवीस जीबी, इथे सोळा, आणि मेमरीतून चिपकडे माहिती नेणारा रस्ताही अरुंद. तिथे साडेचारशे वॉट वीज. इथे ऐंशीपासून दीडशेच्या आसपासपर्यंत, आणि त्यात नेमकी किती द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, कारण उष्णता बाहेर टाकायला जागा त्याच्याकडे असते किंवा नसते. सौमित्रने निवडलेला लॅपटॉप पातळ होता. तो बनवणाऱ्या कंपनीने शंभर वॉट ठरवली होती.

मागे पावलं वाजली. गार्गी होती. लॅपटॉप तिच्या हातात होता, गरम झालेला, म्हणून तिने तो फाइलसारखा उभा धरला होता.

"हे म्हणजे वेगळीच चिप आहे की," सौमित्र म्हणाला. आवाजात अजूनही तक्रार होती, जणू चिपने त्याला फसवलं.

"हो. डेस्कटॉपमध्ये याच लहान चिपचं कार्ड करतात तेव्हा त्याला फोर्टी-एटी म्हणतात," गार्गी म्हणाली. "लॅपटॉपमध्ये यापेक्षा मोठी बसत नाही. मोठीला लागते तेवढी वीज दिली तर मांडीवर डोसा होईल. मग लॅपटॉपांतली सगळ्यात वरची म्हणून हिला वरचं नाव. लॅपटॉपच्या मानाने ते बरोबरच आहे."

"तुला माहीत होतं?"

"एवढं नव्हतं. म्हणून तर चालवून बघू या म्हटलं होतं, सर."

सर. गेल्या पाच महिन्यांत तिने त्याच्यासाठी हा शब्द एकदाही वापरला नव्हता. तिने तो टोमणा म्हणूनही मारला नाही. टोमणा असता तर सौमित्रला बरं वाटलं असतं, त्याला उत्तर देता येतं. ती फक्त नोकरीच्या अंतरावर जाऊन उभी राहिली होती, आणि तिथे उभं राहणं तिला अगदी सोपं जात होतं.

सौमित्रला कानापासून मानेपर्यंत गरम झालं. त्याला थंड करायला पंखेही नव्हते. येत्या रविवारी मेधा विचारेल, गार्गी का नाही आली, आणि आपण म्हणू, तिला काम असेल. हे वाक्य त्याच्या मनात इतकं तयार होऊन आलं की त्याला स्वतःची किळस आली. कोडवर ढकललं तर गार्गी जाणार. चिपवर ढकललं तर ती राहील, आणि चिप काही उलट बोलणार नाही. हा मधला मार्ग त्याला बराच आवडला.

सगळे पुन्हा काचेच्या खोलीत जमले तेव्हा त्याने तो मार्ग धरला. कोडचा दोष नाही, असं त्याने सांगितलं. दोन चिपची नावं एकच ठेवतात, त्यातून गैरसमज होतो, या क्षेत्रात ही मोठी अडचण आहे. बोलताना त्याने कोअर सांगितले, मेमरी सांगितली, वॉट सांगितले, सगळं अचूक. रुचिर मान डोलावत होता. प्रकरण मिटत आलं होतं.

गार्गी लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. ती काहीच म्हणणार नव्हती, हे सौमित्रला दिसलं. उद्याही नाही, मेधाकडेही नाही.

"आणि," सौमित्र म्हणाला, मग थांबला. बार्ली वॉटर हाताशी होतं, पण ते उचललं तर बोलणं राहून जाईल अशी त्याला भीती वाटली. "गैरसमज नावामुळे झालेला नाही. गार्गीने मला आधी चालवून बघू या म्हणून सांगितलं होतं. मी नको म्हटलं. आणि तिने परवा कोडला हात लावलेला नाही. ते मी मघाशी खोटं बोललो."

रुचिरने डोक्यावरची जाळी काढली आणि पुन्हा घातली. मग तो एवढंच म्हणाला की गार्गीचं नोकरी पक्की झाल्याचं पत्र सोमवारी निघेल, आणि सौमित्रशी तो वेगळं बोलेल. ते वेगळं बोलणं कसं असेल, याचा अंदाज सौमित्रला जाळीवरून आला. गार्गीने थँक यू म्हटलं, रुचिरला.

सौमित्र मिसेस टॅन यांच्याकडे वळला. साठचा शब्द आपण पाळू शकत नाही, हे त्याने कबूल केलं. मोठा डबा ठेवायचा तर पाण्यापासून वाचवणारं कपाट करावं लागेल, किंवा मॉडेल लहान करावं लागेल, त्याला दोन महिने लागतील, आणि त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाला दिलं तर तो समजू शकेल. बोलता बोलता तो इतका वाकला होता की समोरच्या पेल्यातले बार्लीचे दाणे त्याला मोजता आले असते.

मिसेस टॅन यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की आता हा लॅपटॉप किती करतो.

"चोवीस," सौमित्र म्हणाला. "सेकंदाला. एका चित्रात एक फिशबॉल."

"देन व्हाय यू ऑल प्ले द व्हिडिओ सो फास्ट?" मिसेस टॅन म्हणाल्या.

त्यांच्या पट्ट्यावरून सेकंदाला अकरा फिशबॉल जात होते.