बचतीवर ठेवलेला फोन

सकाळी वॉर्डात डॉक्टर येऊन गेले, आणि त्यानंतर आईने आपण होऊन विषय काढला. चार वर्षांत तिने धाकट्या मुलाचे नावही घेतले नव्हते. वडील गेले तेव्हा तो जहाजावर होता. उतरता आले असते, उतरला नाही, असा तिचा दावा होता आणि त्या दाव्यावर अपील नव्हते. "माझ्या वेळीही येऊ नकोस," एवढे ती त्याला बोलली होती, आणि दोघांपैकी हट्टाला कमी कोण, हे आजवर ठरले नव्हते.

"त्याला लाव," आई म्हणाली. "बोलते मी."

खाटेजवळ बसलेल्या थोरल्या मुलीचा आधी कानांवर विश्वास बसेना. कापडाच्या गिरणीत तपासणीच्या मेजापाशी वीस वर्षे उभी राहिलेली ती बाई. सुटलेला एक धागा तिच्या नजरेतून निसटत नसे, पण आईच्या तोंडून हे वाक्य येईल, हे तिने कधी गृहीत धरलेच नव्हते. तिने लगेच भावाला निरोप टाकला. जहाजावर फोनची रेंज नव्हती. खलाशांना वायफाय मिळे ते दुपारी दोन ते तीन, तेवढाच एक तास, आणि बोलणे व्हायचे ते नेटवरूनच. पाऊण तासाने उत्तर आले. आईची खबर कळावी म्हणून तो अधूनमधून कुणाच्या तरी हातापाया पडून मिनिटभर नेट मिळवत असावा. "दोनला करतो. तिला जागं ठेव. ताई, खरंच बोलणार ना ती?"

"खरंच," तिने लिहिले.

आता चिंता उरली ती फोनची. बॅटरी म्हातारी झालेली, चार्ज एकोणीस टक्के, आणि खाटेजवळचे एकुलते सॉकेट ऑक्सिजनच्या यंत्राने अडवलेले. बाहेरच्या टपरीवर चार्जिंगला लावायचा तर आईला सोडून जावे लागणार. तिने शेजारच्या खाटेकडे पाहिले. तिथे एका म्हातारीचा मुलगा बसलेला असे. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते, आणि आपल्या आईला सोबत करता करता तो अर्ध्या वॉर्डाचे फोन फुकट दुरुस्त करून देई. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

"मिस्त्री, एवढ्यावर दुपारपर्यंत तग धरेल का हो?"

त्याने फोन हातात घेऊन उलटसुलट केला. "ताई, ही बॅटरी म्हणजे पेन्शनर आहे. काम सांगितलं की धापा टाकते. थांबा, बचतीवर टाकतो. सगळ्यात कडक बचत. मग दुपार काय, संध्याकाळपण काढेल."

"पण वाजेल ना? दोनला भावाचा फोन यायचाय."

"वाजेल की! न वाजायला काय झालं?"

तोंडी आश्वासनावर विसंबणे थोरलीच्या स्वभावात नव्हते. "करून दाखवा," ती म्हणाली. मिस्त्री हसला. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक दुकानात आलं तर मी शटर ओढून घेईन." तरी त्याने स्वतःच्या फोनवरून तिचा नंबर लावला. फोन खणखणीत वाजला. शेजारच्या म्हातारीने डोळे उघडून "कोण मेलं?" असे विचारले, आणि आईसुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून हसली.

थोरलीचे समाधान झाले.

पावणेदोनला तिने आईला उशीला टेकवून बसते केले, ओल्या कपड्याने तिचे तोंड पुसले, केस सारखे केले. फोन मांडीवर ठेवला. पडदा उजळला की बॅटरी खर्ची पडते, म्हणून ती त्याला बोटही लावत नव्हती. वेळ पाहायची ती भिंतीवरच्या घड्याळात. दोन वाजले. दोन दहा.

"आला का?" आईने विचारले.

"जहाज आहे आई. तिथे रांग लागते नेटला," ती आईच्या कानाशी म्हणाली.

दोन वीसला आईने पुन्हा विचारले, पण या वेळी नुसत्या भुवयांनी. थोरलीने मान हलवली. तिला भावाचा राग येऊ लागला होता. एक तास मिळतो, त्यातही याला वेळेवर येता येऊ नये? आई झोपेच्या उंबरठ्यावरून पुन्हा पुन्हा स्वतःला मागे ओढत होती. डोळे मिटत, ती ते जबरीने उघडी, आणि दर वेळी नजर आधी फोनकडे जाई. अडीच वाजून गेल्यावर ती म्हणाली, "राहू दे. नसेल बोलायचं त्याला. माझंच पोर ते."

"येईल गं."

"नको आता. आडवं कर मला."

थोरलीने तिला आडवे केले. ते तिचे शेवटचे बोलणे ठरले. तिनाच्या सुमारास श्वासांमधली अंतरे वाढत गेली, नर्स धावली, डॉक्टर आले, आणि तीन वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी स्टेथोस्कोप कानांतून काढून गळ्यात अडकवला.

मामाला कळवायला म्हणून थोरलीने फोन उचलला. पडदा उजळला. वर इस्पितळाच्या वायफायची खूण उमटली, क्षणभर काही झाले नाही, आणि मग फोन थरथरू लागला. एकामागून एक निरोप आत शिरले. मिस्ड कॉल चौदा. पहिला दोन वाजून एक मिनिटाचा.

"ताई, उचल." "नुसतं कॉलिंग दाखवतंय, रिंग जात नाहीये." "नेट बंद ठेवलंयस का?" "तिने नाही म्हटलं का?" दोन पंचावन्नला शेवटचा: "बरं. समजलं. तिला त्रास देऊ नकोस."

ती मिस्त्रीकडे गेली. फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचले, वर पाहिले, पुन्हा वाचले.

"नेटवरून येणार होता कॉल?"

"जहाजावरून येणार होता."

"ताई, कडक बचतीत पडदा काळा झाला की वायफाय आणि डेटा दोन्ही बंद होतात. साधा फोन येतो, कारण तो नेटवर येत नाही. मी लावला तो साधा होता. तुम्ही भाऊ म्हणालात... जहाज नाही म्हणालात."

"मधे एकदा पडदा उघडला असता तर?"

त्याने फोन तिला परत दिला. आपण उत्तर दिले नाही तर ती ते स्वतःच शोधून काढील, हे त्याच्या ध्यानात आले असावे. "नेट आलं असतं," तो खाली बघत म्हणाला. "चार-पाच सेकंदात."

तिला त्याच्यावर ओरडायचे होते, पण ओरडायला जागा नव्हती. त्याने जे सांगितले ते खरे होते. तिने जी परीक्षा घेतली तीही खरी होती; फक्त ज्याची घ्यायची त्याची ती नव्हती. आणि तासभर फोनला बोट न लावण्याचा संयम तर सर्वस्वी तिचा होता.

ती खाटेजवळ येऊन बसली. आई मानून गेली की मुलाला बोलायचे नव्हते. मुलगा मानून बसला आहे की आईला. दोघांची समजूत काढू शकेल असे जगात एकच माणूस होते, आणि त्यातली एक समजूत आता कधीच निघणार नव्हती. तिने लिहायला घेतले. "आई तुझी वाट बघत बसली होती," एवढे लिहिले. पुढे आईचे ते "नसेल बोलायचं त्याला" येत होते. ते लिहिले, खोडले. "फोन माझ्यामुळे लागला नाही. आई गेली." पाठवले. खाली एकच बरोबरची खूण उमटली; पोचल्याची दुसरी आली नाही. जहाजावरचा वायफायचा तास संपला होता; उद्या दुपारी दोनपर्यंत तो आईवर रुसूनच राहणार होता.

नर्स कागद घेऊन आली. "जवळच्यांपैकी कोणाला कळवायचं राहिलंय?"

"मुलाला."

"मग कळवा ना."

"पाठवलंय," थोरली म्हणाली. "पोचलं नाही."