गाडी कोणी सांगायची?

रत्नागिरीतल्या एका आंबा पॅकिंग केंद्राची व्यवस्थापक ज्ञानेश्वरी त्या सकाळी फाटकाशी उभी होती. परदेशी जायचा हापूस पेट्यांत भरून तयार होता, पण मुंबईला नेणारी शीतगाडी आलीच नव्हती. गाडी सांगायचं काम तिने विनीत आणि ऋतिका या दोघांवर सोपवलं होतं.

"मला वाटलं, ऋतिकाने सांगितली असेल," विनीत म्हणाला.

"आणि मला वाटलं, याने," ऋतिकाचा चेहरा उतरला.

ज्ञानेश्वरीने लांज्याच्या ओळखीच्या गाडीवाल्याला गाठलं आणि दुपारी माल रवाना केला. मग तिने दोघांना बोलावलं.

"तुम्ही कामचुकार नाही. दोन नावं असली की काम पक्कं, असं मी धरून चालले. उलट तुम्ही एकमेकांच्या भरवशावर राहिलात. यापुढे गाडीची जबाबदारी एकट्या विनीतची. ऋतिका, तो सांगेल ती मदत तू कर. पेट्यांची कागदपत्रं मात्र तुझी एकटीची."

"आणि मी रजेवर असलो तर?"

"तर काम दुसऱ्याच्या हाती दे. पण समोरचा 'घेतलं' म्हणेपर्यंत ते तुझंच."

पुढच्याच आठवड्यात विनीतला ताप आला. त्याने ऋतिकाला फोन केला. "उद्याची गाडी अजून सांगितलेली नाही. बघशील?"

"घेतलं. आता माझ्याकडे," ती म्हणाली आणि लगेच गाडीवाल्याचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी पोचली, तेव्हा निम्म्या पेट्या गाडीत चढल्याही होत्या. तिला काही विचारावंच लागलं नाही.