चिंचेनं घासलेली बॅटरी

आमच्या उपकेंद्रात खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते. पान्हे, पक्कड, अर्थिंगच्या काठ्या, सगळं धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून मांडायचं. त्या वर्षी मी ठरवलं की बॅटरीचीही पूजा करायची. बिचारी मागच्या खोलीत एकटीच बसलेली असते, आम्लाच्या वासात. तिला कोण विचारतं?

मी छावणीजवळच्या या उपकेंद्रात ऑपरेटर. आयटीआय वगैरे माझं काही झालेलं नाही. दहावी बाहेरून दिली, वायरमनची परीक्षा दोनदा दिली, बाकीचं यंत्रांवर चिकटवलेल्या पाट्या वाचून शिकले. असं शिकणाऱ्या माणसाला एक खोड असते. जे पाटीवर लिहिलेलं नसतं ते त्याला घरच्या अनुभवावरून कळतं, असं त्याला वाटतं.

तर बॅटरी. काचेच्या बरण्यांसारखे सेल ओळीनं मांडलेले, आणि एका सेलला दुसरा जोडणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर कुणीतरी व्हॅसलिन फासून ठेवलेलं. त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. खाली पट्टीही मेली राखाडी. मी म्हटलं, देवघरातल्या समईला अशी ठेवली असती तर सासूनं काय म्हटलं असतं? घरून चिंच आणली, नारळाची शेंडी आणली. एकेक बोल्ट सैल करून पट्टी काढली, घासली, परत बसवली आणि नट हातानंच आवळला. राखाडी गेलं नि आतून लालभडक तांबं निघालं. काय चमकलं म्हणून सांगू. पट्टी काढली तरी बाहेरच्या पॅनेलवरचा एकही दिवा विझला नाही, तेव्हा तर मला बॅटरीचं फार कौतुक वाटलं. किती सोशिक, म्हटलं.

झेंडूची माळ घालून फोटो काढला. आमचे उपअभियंता बद्रीनाथ साहेब तेव्हा सुटीवर होते, त्यांना फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून न बघताच वर पाठवला असावा. वरून उत्तर आलं की स्वच्छ उपकेंद्राची पाटी यंदा आपल्याला, दिवाळीनंतर मोठे साहेब स्वतः येऊन लावतील.

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. फाटकावर कंत्राटदारानं लोखंडी चौकटीत फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो. चेहरा इतका गोरा केलेला की माझ्या बहिणीनं विचारलं, ही कोण?

फाटकाबाहेर जैतुनबीची पत्र्याची चहाची टपरी आहे. टपरीच्या बरोबर वरून आमची बाजाराकडे जाणारी अकरा हजाराची लाईन जाते. जैतुनबी माझ्यापेक्षा मोठी, तिला सगळ्यांच्या घरचं माहीत आणि सगळ्यांना तिचं. दौऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे चहा घेत बसले होते, तर ती कुरकुरत होती.

"नवा इन्व्हर्टर घेतला पोरानं. लाईट गेली की त्याचा बल्ब पण जातो. लाईट आली की येतो. मग इन्व्हर्टर कशाला पाळलाय? नुसता बसून खातो."

"बॅटरीची वायर ढिली असेल," मी शहाणपणानं म्हटलं. "तो नुसता लाईनवर चालतोय."

"तुला बरं कळतं गं ताई हे सगळं."

मी मान डोलावली, कप तोंडाला लावला आणि तसाच राहिला तो तोंडाला.

आदल्या आठवड्यात आमच्याच कंट्रोल रूमची घरगुती सप्लाय फ्यूज उडून गेली होती. पंखा थांबला. आणि पंख्याबरोबर पॅनेलवरचे दिवेही गेले. लाल, हिरवे, ट्रिप सर्किट ठीक असल्याचे, सगळे. आमचे जुने लाईनमन शफीकभाई, त्यांनी फ्यूज घातल्यावर पंखा फिरला नि दिवेही आले. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. लाईट गेली की दिवे जाणारच. जन्मभर तेच बघितलंय.

पण ते दिवे पंख्याचे भाऊबंद नव्हेत. ते बॅटरीवरचे. शहर सगळं अंधारात गेलं तरी ते पेटते राहिले पाहिजेत, कारण त्याच बॅटरीवर ब्रेकर उडतो, म्हणजे बिघाड झाला की लाईन तोडणारा मोठा स्विच.

जैतुनबीचा चहा तसाच ठेवून मी आत गेले. शफीकभाई खुर्चीत डुलक्या घेत होते. मी बॅटरी भरणाऱ्या चार्जरच्या मीटरकडे बघितलं. व्होल्टेज अगदी छान. बॅटरीत जाणारा करंट शून्य. मी रोज तो शून्य बघत होते आणि म्हणत होते, पोट भरलंय तिचं.

"शफीकभाई, चार्जर क्षणभर बंद करू का?"

त्यांनी एक डोळा उघडला. "करा की. बॅटरी आहे ना."

मी स्विच खाली केला. पंखा फिरत राहिला. पॅनेल मात्र मेलं. सगळे दिवे एकदम.

शफीकभाईंचे दोन्ही डोळे उघडले. मी स्विच वर केला, दिवे आले. मी धावत पॅनेलजवळ जाऊन ट्रिप सर्किटचं बटण दाबलं. दिवा पेटला, अगदी टवटवीत.

"हा तर ठीक दाखवतोय," मी म्हटलं. बुडत्याला काडी.

"बाई, तो दिवा ब्रेकर उडवणाऱ्या ट्रिप कॉइलमधून गुंजभर करंट घेऊन पेटतो. म्हणजे वायर तुटली नाय, कॉइल जळाली नाय, एवढंच तो सांगतो. ब्रेकर उडवायला पसाभर करंट लागतो, तो बॅटरी देते. लाईनवर मोठा फॉल्ट आला की आपली सप्लाय बसते, चार्जर बसतो. नेमकं तेव्हाच बॅटरी पाहिजे. आणि बॅटरी जोडलेलीच नाय." ते उठून चप्पल घालायला लागले. "बाजारवाल्या लाईनला काही झालं तर इथलं काहीच उडणार नाय. मागच्या मोठ्या स्टेशनानं तोडलं तर तोडलं. तोवर तार पिघळून खाली."

खाली म्हणजे जैतुनबीचा पत्रा.

आम्ही बॅटरीच्या खोलीत गेलो. झेंडूची माळ वाळून गेली होती. मी ती उचलली, आणि तिच्याखाली पट्ट्यांच्या टोकांना हिरवी-निळी साय आलेली दिसली, मोरचुदासारखी. शफीकभाईंनी एका नटला बोट लावलं, तो गर्रकन फिरला.

"शिशाचा मुलामा होता यावर," ते हळूच म्हणाले. "आम्लानं तांबं खाऊ नये म्हणून. कुणी काढला?"

"चिंचेनं," मी म्हटलं.

त्यांनी बोटाची हिरवी साय फडक्याला पुसली. मग म्हणाले, "चिंच घरची का विकतची?"

मी खोलीबाहेर येऊन उभी राहिले. फाटकावर माझा गोरा चेहरा हसत होता. चार्जर चालू होता, मीटर सुंदर होतं, दिवे पेटत होते. मोठे साहेब उद्या येऊन पाटी लावून जातील, मग सावकाश पट्ट्या बदलता येतील. एका दिवसानं काय होतंय? असं माझं एक मन म्हणत होतं, आणि मला सांगायला लाज वाटते, ते मन चांगलं शिकलेलं होतं, त्याच्याकडे मुद्दे होते. बाहेरून जैतुनबीनं ओरडून विचारलं, "चहा गार झाला, टाकून देऊ का?"

मी बद्रीनाथ साहेबांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चमकत होत्या त्या फोटोत," ते म्हणाले. "मीही नीट बघायला पाहिजे होतं." मग, "ताई, पट्ट्या स्टोअरमधून उद्या सकाळशिवाय मिळणार नाहीत. तोवर वारा वाढला तर बाजाराच्या लाईनचा फीडर हातानं बंद करायचा, मला विचारत बसायचं नाही. सकाळी पट्ट्या घेऊन मीच येतो. आल्याबरोबर सगळं बंद करू."

"सकाळी मोठे साहेब आहेत."

"असू देत."

सकाळी ते नव्या पट्ट्यांची पिशवी घेऊन आले. आम्ही आधी फीडर उडवले, मग बाहेरून वीज आत आणणारा इनकमर, ब्रेकरवरचं यांत्रिक बटण हातानं दाबून. छावणी नि बाजार बंद. मी सोड्याच्या पाण्यानं हिरवी साय धुतली, शफीकभाईंनी पट्ट्या बसवून पान्ह्यानं आवळल्या, वर व्हॅसलिन. ते मी स्वतःच्या हातानं लावलं, लेकराला तेल लावावं तसं.

याच वेळी मोठे साहेब आले. पंखा बंद, दरवाजात पुष्पगुच्छ घेतलेला शिपाई घामाघूम, आणि ज्या बाईचा फोटो फाटकावर ती व्हॅसलिननं माखलेली. त्यांनी काय चाललंय विचारलं. बद्रीनाथ साहेब बोलायला लागले तर मी आधीच बोलले, चिंचेपासून. साहेबांनी पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाटी गाडीत परत ठेवली. "ही फर्दापूरच्या उपकेंद्राकडं देऊ," एवढंच म्हणाले. पुष्पगुच्छही गेला.

मग चार्जर मुद्दाम बंदच ठेवून आम्ही तपासलं. पॅनेलवरचे दिवे पेटले, नुसत्या बॅटरीवर. शफीकभाईंनी प्रत्येक ब्रेकर पॅनेलवरून चढवला नि उडवला. धाड, धाड. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग चार्जर लावला, सप्लाय सुरू केली, आणि मी पाटीशिवायच्या रिकाम्या भिंतीखाली बसून डबा उघडला.

दुपारनंतर वारा सुटला. अवकाळीचा, धुळीचा. कंत्राटदारानं फ्लेक्सची चौकट नुसत्या तारेनं बांधलेली. मी खिडकीतून बघितलं तर माझा गोरा चेहरा फाटकावरून सुटून वर चढला, लोखंडी चौकटीसकट, आणि बाजाराच्या लाईनच्या दोन तारांवर जाऊन पडला.

निळा उजेड. पंख्याचा आवाज घसरला, चार्जरचा दिवा मिणमिणला. माझं लक्ष पॅनेलकडे होतं. तिथले दिवे तसूभरही हलले नाहीत. आणि धाड.

फीडर उडाला होता. उजेड विझला. चौकट तारांवर लटकत राहिली, तार शाबूत.

शफीकभाई लाईन जमिनीला जोडायला अर्थिंगची काठी घेऊन निघाले. मी टपरीकडे पळाले. जैतुनबी पत्र्याखालून बाहेर येऊन वर बघत होती, एका हातात गाळणी.

"ताई, काय उजेड पडला गं. आणि लगेच गेला पण."

"लगेच जायलाच पाहिजे," मी म्हटलं, आणि तिच्या बाकावर बसले.

"चहा देते. कालचा टाकून दिला, त्याचे पैसे नको देऊस."

फ्लेक्स अर्धा जळाला होता. उरलेला अर्धा जैतुनबीनं मागून घेतला, पत्र्यावर घालायला. पत्रा गळतो, म्हणाली. आता टपरीच्या एका कोपऱ्यात माझा अंबाडा, एक डोळा नि 'स्वच्छ' एवढा शब्द लोंबतो. गिऱ्हाईक विचारतं, ही कोण बाई?

"आमची मनकर्णाताई," जैतुनबी सांगते. "लाईनीत आहे. चिंच फार छान वापरते."